मेसच्या ठरलेल्या ताटात प्रोटीन कसं बसवायचं? (खोलीत फक्त किटली, गॅस-फ्रिज नाही)

खाडेबहाद्दर (धागाकर्ता)

होस्टेल पुण्यात, मेस शाकाहारी, सहा महिन्यांचे पैसे आधीच भरलेले. मेनू भिंतीवर चिकटवलाय आणि तो बदलत नाही. सकाळी पोहे, उपमा किंवा साबुदाण्याची खिचडी, सोबत अर्धा कप चहा. दुपारी चार पोळ्या, भाजी, एक उसळ, वरण, भात. रात्री तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात. पनीर महिन्यातून दोनदा, तेही ग्रेव्हीत बुडी मारून शोधायचं. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी चूल बंद.

वजन ५८ किलो. जिममधले सर म्हणतात रोज ८५ ग्रॅम प्रोटीन हवं. खोलीत किटली चालते, इंडक्शन सापडली की दंड. फ्रिज नाही. अंडी होस्टेलच्या आवारात आणायची नाहीत, बाहेर खायला माझी हरकत नाही. वरखर्च महिना हजारच्या आसपास, त्यापुढे जमणार नाही.

प्रश्न एवढाच: हेच ताट धरून वर काय काय जोडू? 'मेस बदल' आणि 'घरून तूप आण' हे दोन सल्ले मिळून झालेत.

---

कोल्हापुरी_ठेचा

कोल्हापूरला बदली करून घे. प्रश्न संपला.

---

दंडबैठक

मेसच्या जेवणात प्रोटीन शून्य असतं, सगळं कार्ब. उगाच वाट्या मोजत बसू नकोस. व्हे म्हणजे दुधाच्या प्रोटीनची पावडर आण, सकाळी एक स्कूप, संध्याकाळी एक, झाले ४८. आणि एका वेळी ३० ग्रॅमच्या वर घेऊ नकोस, शरीर तेवढंच घेतं, बाकीचं वाया जातं.

---

वरणफोडणी

खाडेबहाद्दर, आधी ताट मोजा, मग जोड काय लावायची ते ठरेल. तुमच्या मेनूवरूनच हिशोब मांडते. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात ताटं मोजण्यातच दिवस जातो, त्यामुळे अंदाज फार चुकणार नाही.

मेसची पोळी पातळ असते, साधारण २५ ग्रॅम कणकेची. तिच्यात पावणेतीन ग्रॅम प्रोटीन. दुपारच्या चार पोळ्यांचे ११, रात्रीच्या तीनांचे ८. भात एक वाटी म्हणजे ३, दोन वेळचा ६. पोह्यांची बशी साडेचार. चहातल्या दुधाचं एक-दीड. वरण आणि आमटी मेसची आहे म्हणून वाटीला ३ च धरते. उसळ ४, कारण अर्धी वाटी कट असतो. दोन भाज्या मिळून ४. बेरीज साधारण ४५ येते.

तर दंडबैठक, शून्य नाही, ४५. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ५८ किलोला ४८. मेस त्याच्या अगदी जवळ नेऊन सोडते. व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतं हे खरं, आणि ८५ हा आकडा काही वेडा नाही, किलोमागे दीडच्या आत आहे.

खरी गोम वेगळीच आहे. त्या ४५ पैकी जवळजवळ ३० पोळी, भात आणि पोह्यांतून येतंय. धान्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं आणि ते डाळींत भरपूर असतं. घरी पोळीबरोबर दाट वरण आणि वाटीभर उसळ असते म्हणून जमून जातं. मेसमध्ये नेमकी डाळ पातळ होते. म्हणून जोड लावायची ती डाळ, सोया किंवा दूध या घराण्यातली. जास्तीची पोळी खाऊन ४० ग्रॅमची खिंड लढवता येणार नाही.

३० ग्रॅमच्या मर्यादेबद्दल: पचतं सगळं, वाया जात नाही. एका जेवणातून स्नायूंना मिळणारी चालना एका टप्प्यानंतर फारशी वाढत नाही, त्याचं हे सोपं करून सांगितलेलं रूप आहे. तीन-चार वेळांत विभागलं तर चांगलं, नाही जमलं तर आकाश कोसळत नाही.

---

निवांत_नाना

वजन वाढवण्यासाठी केळी आणि दूध हा राजमार्ग. रोज सहा केळी. मात्र एक इशारा देतो. माझं क्रिएटिनिन वाढल्यावर डॉक्टरांनी डाळ अर्धी करायला सांगितली. प्रोटीनने मूत्रपिंडं जातात. तरुणांनी या फंदात पडू नये.

---

वरणफोडणी

नाना, त्यांना वजन वाढवायचं नाहीये, प्रोटीन वाढवायचंय. सहा केळ्यांत मिळून जेमतेम ७ ग्रॅम असतं. तुमच्या डॉक्टरांचं बरोबरच आहे, मूत्रपिंडं आधीच दमलेली असतील तर प्रोटीनवर लगाम लागतो. पण निरोगी माणसात ८५ ग्रॅमने ती बिघडतात असं दिसलेलं नाही. ज्यांना मधुमेह, मुतखडा किंवा रक्तदाब आहे त्यांनी मात्र एकदा तपासणी करून मगच वाढवावं.

---

मेसकाकू

या धाग्यावर मेसला इतकी नावं ठेवली गेली की नुसतं वाचत बसणं सोडून लिहावंच लागलं. पंधरा वर्षं मेस चालवते.

वाटीत बघून वरणाचा अंदाज लागत नाही. भटारखान्यात जाऊन विचारा, 'काकू, शंभर पानांना डाळ किती टाकता?' आमच्याकडे अडीच किलो तूर, म्हणजे डोई २५ ग्रॅम कोरडी. फोडणीताईंच्या हिशोबाने त्यात काय निघतं ते त्यांनी सांगावं. दीड किलोत शंभर जेवू घालणारेही आहेत, नाही म्हणत नाही. आणि दाट दिसतं म्हणून फसू नका, लाल भोपळा उकडून घोटला की दीड किलोचं वरण अडीच किलोसारखं दिसतं.

दुसरं, पातेल्यात डाळ खाली बसते. वाढपी घाईत असला की वरवरचं देतो. 'दादा, तळापासून ढवळून द्या' म्हणायला लाजू नका. पहिल्या पंगतीला पाणी आणि शेवटच्याला गाळ, असं होतं ते यामुळेच.

---

वरणफोडणी

काकू, हा फारच कामाचा आकडा दिलात. कोरड्या तूरडाळीत शेकडा २२ प्रोटीन. २५ ग्रॅम डाळ म्हणजे साडेपाच ग्रॅम. दीड किलोवाल्यांकडे तेच ३.३ होतं. दोन वेळचा फरक साडेचारच्या आसपास, म्हणजे पाऊण अंडं फक्त डाळ किती टाकली यावर अवलंबून.

उसळीलाही हेच लावा. आचाऱ्याला फक्त कोरडी मटकी किती भिजवली ते विचारायचं आणि माणसांनी भागायचं. भिजलेल्या वजनाला काही अर्थ नाही, ती दुपटीहून जास्त फुगते.

---

सातच्या_आत

गॅसशिवाय सर्वात स्वस्त जोड म्हणजे सोया. आमच्या होस्टेलवर निम्म्या मुली करतात, पद्धत देते.

मोठे गोळे आणू नका, बारीक चुरा मिळतो तो आणा. गोळ्यांच्या आतपर्यंत पाणी जायला वेळ लागतो आणि किटलीच्या पाण्यात मधला भाग रबरासारखा राहतो. ३० ग्रॅम कोरडा चुरा झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घ्यायचा, चिमूटभर मीठ, वर उकळतं पाणी, चुऱ्याच्या दोन बोटं वर येईल इतकं. झाकण लावून दहा मिनिटं. मग ते पिवळसर पाणी ओतून टाका. गार पाणी घालून तळहातात घट्ट पिळा, पुन्हा पाणी, पुन्हा पिळा. सोयाचा तो उग्र वास त्या पहिल्या पाण्यात जातो, दुसऱ्यांदा पिळलं नाही तर भाजीला येतो. 'सोया आवडत नाही' म्हणणारे बहुतेक इथेच चुकलेले असतात.

पिळलेला चुरा डब्यात घेऊन मेसमध्ये जायचं आणि उसळीच्या कटात किंवा रश्श्यात सोडायचा. पाच मिनिटं तसाच ठेवला की तिखटमीठ ओढून घेतो. कोरड्या भाजीत घालू नका, भुसा खाल्ल्यासारखं लागतं.

सोया किटलीत टाकून उकळायचा नाही. फेस येऊन झाकणातून वर येतो आणि तळाशी चिकटलेला निघत नाही. शिवाय किटलीला कायमचा वास. दुधाचंही तेच, तळाला लागतं आणि किटली मरते.

---

दंडबैठक

सोया मुलांनी खाऊ नये, इस्ट्रोजेन वाढतं. आणि पाकिटावर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम लिहिलंय ते खोटं आहे. मी १०० ग्रॅम भिजवलेले मोजून खाल्ले, तेवढं असतं तर एव्हाना फरक दिसला असता.

---

सातच्या_आत

दंडबैठक, पाकिटावरचे ५२ कोरड्या सोयाचे आहेत. भिजवून पिळल्यावर तो तिपटीच्या आसपास होतो. म्हणजे तुमच्या १०० ग्रॅम ओल्या सोयात कोरडा ३३-३५ ग्रॅम होता आणि प्रोटीन १७-१८. पाकीट खरं बोलतंय, तुम्ही पाणी मोजलंत.

---

वरणफोडणी

इस्ट्रोजेनबद्दल: सोयातले आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेनसारखे दिसतात, पण वागणं फार सौम्य असतं. पुरुषांवर झालेल्या चाचण्यांत टेस्टोस्टेरॉन खाली गेलेलं दिसलेलं नाही. रोज २५-३० ग्रॅम कोरड्या सोयाने काही होत नाही. थायरॉइडची गोळी सुरू असेल तर गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवा, गोळी नीट शोषली जात नाही म्हणून. बंदी नाही.

---

दंडबैठक

तिपटीचं मान्य. इस्ट्रोजेनचं मला अजून पटलेलं नाही, पण वाद घालत नाही.

---

कोल्हापुरी_ठेचा

ठेचा सोडला की कशातही सोया खपतो. बाकी प्रोटीन प्रोटीन करताय, फुटाण्याचं नाव कोणी घेईना. घोडा काय खातो? व्हे?

---

जळगावकर_वांगी

ठेचा, यावेळी बरोबर बोललात. साल असलेले फुटाणे ५० ग्रॅम म्हणजे १० ग्रॅम प्रोटीन, खर्च सात-आठ रुपये, ना फ्रिज ना किटली. वर्गात खिशातून खाता येतात. ५० ग्रॅम म्हणजे किती ते कळत नसेल तर एकदा वाण्याकडून नेमके ५० मोजून घ्या आणि मुठीत धरून बघा. पुढे वजनकाटा लागत नाही.

चूक कुठे होते तर पहिल्याच दिवशी १०० ग्रॅम खातात आणि रात्रभर खोलीतले सोबती शिव्या घालतात. २५ पासून सुरू करा, आठवड्याने ५०. चावून खा आणि बरोबर पाणी प्या. मसाला फुटाणे नकोत, मीठ फार असतं. आणि मऊ पडलेले घेऊ नका. पावसाळ्यात उघड्या पोत्यातले हमखास मऊ असतात, दोन दिवसांत कुबट लागतात.

सत्तू पण चालतो. तो म्हणजे सालं काढलेल्या फुटाण्याचं पीठच. ४० ग्रॅम पाण्यात, मीठ-लिंबू-जिरं. नाश्त्याच्या पोह्यांबरोबर चांगला बसतो.

---

आवळा_सुपारी

मोड आणून खा ना! मूग भिजवले की प्रोटीन दुप्पट होतं. रात्री भिजवा, सकाळी फडक्यात बांधा. साधं, सोपं, नैसर्गिक.

---

वरणफोडणी

दुप्पट होत नाही हो. मोड आले की दाणा पाणी पितो, वाटी भरलेली दिसते. ३० ग्रॅम कोरड्या मुगात ७ ग्रॅम होतं, मोड आल्यावरही ७ च. काही जीवनसत्त्वं वाढतात, पचायला हलकं होतं, म्हणून खायला हरकत नाही. पण खोलीत करणार असाल तर दिवसातून दोनदा धुवावे लागतात. चिकट लागले किंवा आंबूस वास आला की फेकून द्या, कच्चे खाऊ नका. पुण्याच्या जुलैमध्ये हे फार पटकन होतं.

---

मेन्सावाला

जर्मनीतून. इथे विद्यापीठाच्या मेन्सात शाकाहारी म्हणजे पास्ता आणि बटाटा, त्यामुळे व्यथा तीच. इथला उपाय म्हणजे मागर्क्वार्क, बिनसायीच्या चक्क्यासारखा प्रकार. २५० ग्रॅमच्या डब्यात ३० ग्रॅम प्रोटीन आणि भाव एक-दीड युरो. अर्ध्यात साखर-वेलची घालून श्रीखंड, अर्ध्यात काकडी घालून कोशिंबीर. पुण्यात याला तोड काय?

---

सातच्या_आत

पुण्यात चक्का मिळतो पण तो सायीच्या दुधाचा आणि महाग, आणि फ्रिज नाही म्हटल्यावर पावकिलो एका बसणीत संपवावा लागणार. (संपवू, पण परवडणार नाही.)

---

वरणफोडणी

फ्रिजशिवाय दुधाचं प्रोटीन हवं असेल तर स्किम्ड मिल्क पावडर. १०० ग्रॅममध्ये ३४-३५ प्रोटीन, म्हणजे ३० ग्रॅमला १०. मोठे चार सपाट चमचे.

इथे दोन ठिकाणी गाडी घसरते. एक म्हणजे दुकानदार हमखास डेअरी व्हाइटनर देतो. ते चहासाठी असतं, बऱ्याचदा साखर घातलेलं, आणि प्रोटीन वीसच्या आसपास. पाकिटामागे घटकांत 'साखर' दिसली की परत करा. दुसरं, पावडर गरम चहात टाकली की गुठळ्या होतात आणि मग 'खराब निघाली' म्हणून डबा पडून राहतो. कपात आधी दोन चमचे गार पाणी, त्यात पावडर, चमच्याच्या पाठीने दाबून गंधासारखी करायची, मग हळूहळू पाणी. डबा घट्ट लावा, ओला चमचा घातलात तर आठवड्यात दगड होतो.

दूध प्यायल्यावर ज्यांचं पोट फुगतं त्यांना पावडरही तेच करील. त्यांनी मेसमध्ये जेवताना दही घ्यावं. टोन्ड दुधाच्या २०० ग्रॅम दह्यात ६-७ ग्रॅम मिळतं.

---

दंडबैठक

मग व्हे काय वाईट आहे? तुम्ही सगळे जुगाड करताय. एक स्कूप, २४ ग्रॅम, तीस सेकंद.

---

वरणफोडणी

वाईट काहीच नाही. ज्याला परवडतं त्याने घ्यावं. पण एका स्कूपला सत्तर ते शंभर रुपये पडतात आणि प्रश्नकर्त्याचं गणित दिवसाला तेहेतीस रुपयांचं आहे. घेणार असाल तर स्कूपमागे किती ते नंतर बघा, आधी शंभर ग्रॅममागे किती ते बघा. ७० च्या वर असेल तर तो व्हे. १५-२० असेल तर तो मास गेनर, म्हणजे महागात घेतलेली पिठीसाखर. 'प्रोटीन बिस्किटं' आणि चॉकलेटी पौष्टिक पावडरी यांचंही तसंच, एका वेळच्या चमच्यात एक-दोन ग्रॅम निघतं.

---

आवळा_सुपारी

एकादशी आणि चतुर्थीला मेसमध्ये सकाळी खिचडी आणि कधी कधी रात्रीही उपासाचंच असतं. त्या दिवशीचं काय?

---

जळगावकर_वांगी

साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नाहीच, तो कंदातला स्टार्च. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. वाढताना कूट तळाशी उतरतं, तिथलीच मागा. नाहीतर मूठभर भाजलेले शेंगदाणे खिशात ठेवा, ३० ग्रॅममध्ये साडेसात. कडू लागलेला, सुरकुतलेला, काळपट डाग असलेला दाणा थुंकून टाका. बुरशीचं विष असतं ते, आणि नुसतं भाजून जात नाही.

फोडणीताई, शेंगदाण्याला लोक प्रोटीन म्हणतात याबद्दल तुमचं मत?

---

वरणफोडणी

निम्मं वजन तेल आहे हे विसरतात. साडेसात ग्रॅमसाठी १७० कॅलरी येतात. तेवढ्याच फुटाण्यांतून ६ ग्रॅम येतं आणि कॅलरी ११०. सोयात तर १०५ कॅलरीत १५. म्हणून दाणे मूठभरच, पोटभर नाहीत.

आता खाडेबहाद्दरांचा पूर्ण दिवस मांडते. मेसचे ४५. पोह्यांबरोबर ३० ग्रॅम पावडरचं दूध, १०. दुपारी उसळीत ३० ग्रॅम सोया, १५. संध्याकाळी जिमहून आल्यावर ५० ग्रॅम फुटाणे, १०. झोपायच्या आधी मूठभर दाणे, ७. एकूण ८७. खर्च अंदाजे पावडर १५, सोया ६, फुटाणे ८, दाणे ५, म्हणजे दिवसाला ३४ रुपये. भाव दुकानागणिक बदलतील, पण हजाराच्या आसपास राहतं.

पण या जोडण्यांनी दिवसाला साडेपाचशेच्या वर कॅलरी वाढल्या. वजन वाढायला नको असेल तर निदान दुपारची एक आणि रात्रीची एक पोळी, शिवाय रात्रीचा भात सोडावा लागेल. त्यात ८-९ ग्रॅम प्रोटीन परत जातं आणि आपण ७८ वर येतो. ८५ चा हट्ट सोडा किंवा सोया ४५ ग्रॅम करा. पोट नाजूक असेल तर पहिला पर्याय घ्या.

---

कोल्हापुरी_ठेचा

वाचनखूण साठवली. रविवारची संध्याकाळ राहिली.

---

सातच्या_आत

ती सर्वात सोपी आहे. भुर्जीची गाडी. तीन अंड्यांची भुर्जी म्हणजे १८, दोन पाव ५. गाडीवाल्याला तेल कमी सांगायचं, ऐकणार नाही, तरी सांगायचं. तेलाचा प्रश्न असेल तर उकडलेली तीन घ्या. आणि जिममधलं कोणी कच्ची अंडी प्यायला सांगेल, त्याचं ऐकू नका. कच्च्या अंड्याचं प्रोटीन निम्म्याच्या आसपासच पचतं, शिजवलेल्याचं नव्वद टक्के, शिवाय जंतूंची भीती वेगळीच.

---

निवांत_नाना

आमच्या वेळी मेसमध्ये ताक मिळायचं, अनलिमिटेड. ताक प्या.

---

वरणफोडणी

नाना, मेसच्या ताकात दही शोधायला पनीरवाल्या ग्रेव्हीतली बुडीच मारावी लागते. पेलाभर ताकात एक-दीड ग्रॅम.

---

मेसकाकू

ताक पाणचट असतं हे मान्य. पण एक गोष्ट कोणी विचारत नाही. दहा-बारा मुलांनी एकत्र येऊन सांगितलं की रात्रीची सुकी बटाट्याची भाजी नको, त्या जागी चवळी किंवा छोले द्या, तर बहुतेक मेसवाले ऐकतात. बटाटा स्वस्त आहे म्हणून नाही करत आम्ही, कापायला सोपा आणि कोणी टाकत नाही म्हणून करतो. उसळ उरली की उन्हाळ्यात रात्रीपर्यंत आंबते, ती भीती असते. किती जण खाणार ते सकाळी सांगा, मग टाकते मोजून.

आणि खाड्याचे पैसे परत मागण्याऐवजी 'खाड्याच्या दिवसाचं दही द्या' म्हणून बघा. बाजारातून घाऊक दही आणायला आम्हाला परवडतं.

---

खाडेबहाद्दर (धागाकर्ता)

चार दिवसांनी येतोय. आचाऱ्याला विचारलं, आधी संशयाने बघितलं, मग सांगितलं: एकशेवीस पानांना तूर दोन किलो. म्हणजे डोई सोळा-सतरा ग्रॅम, प्रोटीन साडेतीन. फोडणीताईंनी ३ धरलं होतं. उसळीला मटकी अडीच किलो भिजवतात, म्हणजे एकवीस ग्रॅम कोरडी, पाचच्या आसपास. म्हणजे ताट ४५ नाही, ४७.

वरण काचेच्या ग्लासात घेऊन पंधरा मिनिटं ठेवलं. खालचा एक तृतीयांश डाळ आणि वर पिवळं पाणी. दुसऱ्या दिवशी 'तळापासून' म्हटल्यावर अर्धा ग्लास डाळ. वाढप्याने मला आता 'तळवाले' नाव ठेवलंय.

सोया दोनदा पिळला, उसळीत कळला नाही. मुगाच्या आमटीत मात्र कळला, तिथे कट पातळ आहे. फुटाणे २५ वर आहेत, खोलीतल्या दोघांची परवानगी मिळेपर्यंत तिथेच राहतील. दुकानदाराने व्हाइटनरच दिलं होतं, परत केलं.

बटाट्याच्या जागी चवळीसाठी आठ जणांच्या सह्या झाल्यात. काकू म्हणतात बारा लागतात.

---

मेसकाकू

मी नाही म्हणत, तुमची काकू म्हणते. उरलेल्या चार सह्या बटाटा आवडणाऱ्यांकडून मागू नका, रात्री उशिरा जेवायला येणाऱ्यांकडून मागा. त्यांना तसाही बटाटा संपलेलाच मिळतो.